‘त्याने पोळी खाल्ली’: ‘ने’ आला की क्रियापद कोणाचं ऐकतं?

नव्याने मराठी बोलू लागलेल्या माणसाच्या तोंडी हमखास येणारी दोन वाक्यं घेऊ: ‘रमेशने पोळी खाल्ला’ आणि ‘मी पोळी खाल्लो’. दोन्हींत चूक एकच आहे. बोलणाऱ्याने क्रियापद खाणाऱ्याशी जुळवलं, आणि खाणारा पुरुष म्हणून ‘खाल्ला’, ‘खाल्लो’ केलं. मराठीत इथे खाणाऱ्याला विचारायचंच नसतं. पोळी स्त्रीलिंगी, एक आहे, म्हणून ‘खाल्ली’. रमेश असो, सुमन असो, वर्गातली चाळीस मुलं असोत, एक पोळी असेल तर ती ‘खाल्ली’च.

हे असं का होतं, याचं मूळ संस्कृतात आहे. ‘रामेण ग्रन्थः पठितः’ म्हणजे शब्दशः ‘रामाकडून ग्रंथ वाचला गेलेला’. त्यातलं ‘पठितः’ हे ग्रंथाचं विशेषण, म्हणून ते ग्रंथाप्रमाणे बदलणार, आणि राम तृतीयेत. पुढे मराठीचा भूतकाळ याच घडणीतून आला. ‘रामाने ग्रंथ वाचला’ यातला ‘ने’ ही तीच तृतीया. व्याकरणात या रचनेला कर्मणी प्रयोग म्हणतात. नाव लक्षात राहिलं नाही तरी चालेल, पण ‘वाचला’ हा शब्द ग्रंथाला चिकटलेला आहे एवढं डोक्यात पक्कं असलं की पुढच्या पायऱ्या सोप्या जातात.

पहिली पायरी: इथे ‘ने’ येतो का?

भूतकाळ म्हटला की ‘ने’ लावायचा, असं नाही. क्रियापद सकर्मक हवं, म्हणजे त्याला ‘काय?’ विचारल्यावर उत्तर मिळायला हवं. काय आणलं, काय वाचलं, काय धुतलं असं विचारता येतं. काय आला, काय झोपला असं विचारता येत नाही. म्हणून ‘ती आली’, ‘तो झोपला’ सरळ कर्त्याप्रमाणे, आणि ‘तिने भाजी आणली’, ‘त्याने शर्ट धुतला’ मात्र ‘ने’ लावून.

दुसरी अट रूपाची. ‘ने’ येतो तो आणला, वाचली, केलं अशा ‘ल’वाल्या रूपाबरोबर. घडून गेलेली गोष्ट सांगणारी बाकीची रूपं कर्त्याकडेच बघतात: ‘तो पोळी खात होता’, ‘ती रोज केळं खायची’. इथे ‘त्याने पोळी खात होती’ म्हणणारे बरेच भेटतात, कारण भूतकाळ आहे आणि पोळी आहे. पण मुख्य क्रिया ‘खात’ आहे, ‘खाल्ली’ नाही.

दोन क्रियापदं जोडून आली तर शेवटचं बघा. ‘तो भाजी घेऊन आला’ यात शेवटी ‘आला’ आहे, म्हणून ‘तो’. ‘त्याने भाजी आणली’ यात अर्थ जवळजवळ तोच, पण शेवटी ‘आणली’, म्हणून ‘त्याने’. तसंच ‘त्याने सगळी भाजी खाऊन टाकली’, पण ‘तो भाजी खाऊन गेला’.

आता अपवाद. काही क्रियापदांना ‘काय?’ विचारता येतं, तरीही ती भूतकाळात कर्त्यालाच धरून राहतात. रोजच्या बोलण्यातली एवढी पाठ असली तरी पुष्कळ झालं:

- पिणे: तो दूध प्यायला, मी चहा प्यायले
- विसरणे: तो छत्री विसरला
- शिकणे: मुलगा कविता शिकला
- बोलणे: ती खोटं बोलली
- म्हणणे: तो काय म्हणाला?
- नेसणे: आजी नऊवारी नेसली
- जेवणे: तो वरणभात जेवला
- खेळणे: आम्ही क्रिकेट खेळलो

यातली काही क्रियापदं दोन्हीकडे जातात. ‘म्हणाला’ कर्त्याप्रमाणे चालतं, पण ‘म्हटलं’ आलं की ‘ने’ लागतो: ‘तो म्हणाला’, ‘त्याने म्हटलं’. ‘त्याने पाणी प्यायलं’ असंही कानावर पडतं, पण नवख्याने ‘तो पाणी प्यायला’ हेच धरावं. शिकणे आणि शिकवणे या जोडीवर जरा थांबायला हवं. ‘तो कविता शिकला’ आणि ‘बाईंनी कविता शिकवली’ यांत एका ‘व’ने सगळी रचना फिरते. कपड्यांच्या बाबतीतही असंच: साडी नेसायची असते, म्हणून ‘ती साडी नेसली’. ड्रेस घालायचा असतो, म्हणून ‘तिने ड्रेस घातला’.

‘वाचणे’ हा शब्द तर ही पहिली पायरी एकटा समजावतो. ‘त्याने पत्र वाचलं’ म्हणजे अक्षरं वाचली. ‘तो वाचला’ म्हणजे जीव वाचला.

दुसरी पायरी: करणाऱ्याला ‘ने’ लावणं

एकाला ‘ने’, अनेकांना ‘नी’. बोलताना ‘ने’चा ‘नं’ होतो (त्यानं, तिनं, आईनं), तो वेगळा प्रत्यय नाही. प्रत्यय लावण्याआधी नाम आपलं रूप बदलतं, ते ‘ला’ लावताना बदलतं तसंच: मुलगा – मुलाने, कुत्रा – कुत्र्याने, मुलगी – मुलीने, बहीण – बहिणीने, सून – सुनेने, भाऊ – भावाने, शेजारी – शेजाऱ्याने. सर्वनामांत तो – त्याने, ती – तिने, ते आणि त्या – त्यांनी, कोण – कोणी. ‘ही काच कोणी फोडली?’ असं विचारतात.

मी, तू, आम्ही, तुम्ही, आपण यांना मात्र काहीच लागत नाही. हिंदीतल्या ‘मैंने’च्या सवयीने ‘मीने’ म्हणू नका. पूर्वीच्या मराठीत यांची वेगळी रूपं होती, ‘म्यां केलें’, ‘त्वां केलें’. ती झिजून ‘मी’ आणि ‘तू’ उरलं. म्हणजे ‘ने’ दिसत नाही, पण रचना तीच आहे. नवख्यांची सगळ्यात जास्त घसरगुंडी इथेच होते. ‘त्याने पोळी खाल्ली’ बरोबर म्हणणारा माणूस लगेच ‘मी पोळी खाल्लो’ म्हणतो, कारण ‘ने’ची खूण दिसत नाही. यावर एक साधी युक्ती आहे: ‘मी’च्या जागी मनात ‘त्याने’ घालून बघा. ‘त्याने पोळी खाल्ली’ जमलं ना? मग ‘मी पोळी खाल्ली’, बोलणारा पुरुष असो की बाई. ‘त्याने घरी गेला’ जमत नाही, ‘तो घरी गेला’ जमतं. मग ‘मी घरी गेलो’ किंवा ‘मी घरी गेले’.

मोठ्या माणसांच्या बाबतीत अजून एक खड्डा आहे. आदरार्थी ‘बाबा आले’, ‘सर बसले’ असं अनेकवचन आपण शिकतो. त्याच वळणाने ‘बाबांनी चहा केले’ तोंडात येतं. पण आदर फक्त ‘बाबांनी’ या शब्दात मावतो, क्रियापदापर्यंत तो पोहोचत नाही. चहा एकच, पुल्लिंगी, म्हणून ‘बाबांनी चहा केला’. ‘सरांनी गोष्ट सांगितली’, ‘आजोबांनी पेपर वाचला’.

एक सावधगिरी: वाक्यातला प्रत्येक ‘ने’ करणाऱ्याचा नसतो. ‘मी बसने आलो’, ‘आईने विळीने भाजी चिरली’ यातला बसचा आणि विळीचा ‘ने’ साधन सांगतो.

तिसरी पायरी: कर्म शोधा आणि क्रियापद त्याला जुळवा

क्रियापदाला ‘काय?’ विचारा. जे उत्तर येईल त्याचं लिंग आणि वचन घ्या. मराठीत तीन लिंगं आणि दोन वचनं, म्हणून सहा रूपं:

| | एक | अनेक |
|---|---|---|
| पुल्लिंग | आंबा खाल्ला | आंबे खाल्ले |
| स्त्रीलिंग | पोळी खाल्ली | पोळ्या खाल्ल्या |
| नपुंसकलिंग | केळं खाल्लं | केळी खाल्ली |

या तक्त्यात दोन ठिकाणी पाय अडकतो. पहिलं, ‘खाल्ली’ दोनदा आहे. ‘पोळी खाल्ली’ एक, पण ‘केळी खाल्ली’ अनेक. ‘पुस्तकं वाचली’, ‘पत्रं लिहिली’, ‘फुलं तोडली’ ही सगळी अनेकवचनं आहेत. त्यांना ‘वाचल्या’, ‘लिहिल्या’ लावू नका. दुसरं, छापील मराठीत ‘खाल्लं’च्या जागी ‘खाल्ले’ दिसतं. ‘त्याने पुस्तक वाचले’ हे अनेकवचन नाही, ‘वाचलं’चंच लेखी रूप आहे. पूर्वी त्यावर अनुस्वार असायचा, ‘वाचलें’, त्यामुळे ओळखू यायचं. 1962 च्या लेखननियमांनी असे अनुस्वार गेले. त्यामुळे वर्तमानपत्र वाचून मराठी शिकणाऱ्याला ‘आंबे खाल्ले’ आणि ‘केळे खाल्ले’ सारखीच वाटतात. कर्म एक आहे की अनेक, ते नामावरूनच ठरवावं लागतं.

उलट कधी कधी नाम गप्प राहतं आणि क्रियापद मोजून दाखवतं. ‘लाडू’चं अनेकवचन ‘लाडू’च. ‘तिने लाडू खाल्ला’ म्हणजे एक, ‘तिने लाडू खाल्ले’ म्हणजे डब्यात हात गेला होता. ‘मी फोन केला’ आणि ‘मी फोन केले’, ‘त्याने वस्तू आणली’ आणि ‘त्याने वस्तू आणल्या’ यांतही तसंच.

मागे आहे, होता, नाही असं काही आलं तर तेही कर्मामागे जातं: ‘तिने पत्र लिहिलं होतं’, ‘तिने चिठ्ठी लिहिली होती’, ‘त्याने आंबे आणले नाहीत’. ‘त्याने आंबे आणले नाही’ असं बोलताना सर्रास ऐकू येतं, पण लिहिताना ‘नाहीत’ हवं.

खरी अडचण असते लिंगाची. कर्मणी प्रयोग पाठ करून भागत नाही, नामाचं लिंगही माहीत हवं. हिंदीतून आलेल्यांना वाटतं आपल्याला ते येतं, आणि तिथेच ते फसतात. हिंदीत चाय स्त्रीलिंगी, मराठीत चहा पुल्लिंगी: ‘चहा केला’. आवाज हिंदीत स्त्रीलिंगी, मराठीत पुल्लिंगी: ‘आवाज ऐकला’. हिंदीत नपुंसकलिंग नाहीच, त्यामुळे घर, काम, पाणी, दूध, दुकान, दार हे सगळे शब्द नव्याने शिकावे लागतात: ‘घर घेतलं’, ‘काम केलं’, ‘दुकान काढलं’, ‘दार उघडलं’. नवा शब्द वहीत एकटा उतरवू नका. त्याच्याशेजारी भूतकाळातलं एक क्रियापद लिहा: बिल भरलं, फी भरली, फॉर्म भरला. तिकीट काढलं, बॅग घेतली, मेसेज पाठवला. असं लिहिलं की लिंग वेगळं पाठ करावं लागत नाही.

‘करणे’ आणि ‘मारणे’ घेऊन होणारे वाक्प्रचारही याच नियमात बसतात, कारण त्यांत कर्म आतच दडलेलं असतं. मदत केली, अभ्यास केला, लग्न केलं, आंघोळ केली, स्वयंपाक केला, उडी मारली, हाक मारली, गप्पा मारल्या. ‘त्याने मला मदत केली’ यात ‘केली’ मदतीमुळे आहे. मदत करणारा आणि घेणारा, दोघांचाही त्याच्याशी संबंध नाही.

चौथी पायरी: कर्माला ‘ला’ लागला तर

‘आईने मुलीला मारलं.’ मुलगी स्त्रीलिंगी, मग ‘मारली’ का नाही? कारण ‘ला’ लागला की कर्मही बाजूला होतं. आता क्रियापदाला धरायला कोणीच उरत नाही, आणि ते नपुंसकलिंगी एकवचनात जाऊन बसतं. हा भावे प्रयोग. ‘पोलिसांनी चोराला पकडलं’, ‘पोलिसांनी चोरांना पकडलं’, ‘बहिणीने भावांना बोलावलं’, ‘त्याने मला पाहिलं’: सगळीकडे एकच रूप.

गुजराती बोलणाऱ्यांनी इथे विशेष लक्ष द्यावं. गुजरातीत ‘एणे छोकरीने मारी’ असं म्हणतात. तिथला ‘ने’ हा आपला ‘ला’ आहे, आणि तो लागूनही क्रियापद छोकरीशी जुळतं. मराठीत यातल्या दोन्ही गोष्टी उलट: ‘मुलीने’ म्हणजे मारणारीच मुलगी, आणि ‘मुलीला’ असेल तर ‘मारलं’. हिंदीवाल्यांना रचना ओळखीची असते (उसने लड़की को मारा), फक्त ‘मारा’च्या सवयीने ‘मारला’ न म्हणता ‘मारलं’ म्हणायचं.

‘ला’ कधी लावायचा? माणसांची नावं, सर्वनामं आणि ठरावीक माणूस मनात असेल तर लावायचाच: ‘मी सुमनला पाहिलं’. निर्जीव वस्तूला सहसा लावायचा नाही. ‘मी पुस्तकाला वाचलं’ हे ‘किताब को पढ़ा’चं मराठी रूपांतर झालं, मराठी नव्हे. मधल्या पट्ट्यात अर्थ बदलतो. ‘त्याने मुलीला पाहिलं’ म्हणजे मुलगी त्याच्या नजरेस पडली. ‘त्याने मुलगी पाहिली’ म्हणजे लग्नासाठी बघायला गेला होता, कांदेपोहे झाले.

‘ला’ दिसला की लगेच ‘-लं’ करायचं, असंही नाही. ‘बाबांनी मुलीला सायकल दिली.’ इथे मुलगी ही घेणारी आहे. ‘काय दिली?’ याचं उत्तर सायकल, आणि ती ‘ला’शिवाय मोकळी आहे. म्हणून आधी मोकळं कर्म शोधायचं. ते सापडलं तर त्याप्रमाणे, नाही सापडलं तरच ‘-लं’. ‘मी त्याला विचारलं’, ‘तिने सांगितलं की उद्या सुट्टी आहे’ यांत मोकळं नाम नाही, म्हणून ‘-लं’. ‘मी त्याला पत्ता विचारला’ यात पत्ता आहे.

एक सकाळ, भूतकाळात

आता एक छोटा उतारा वर्तमानातून भूतकाळात नेऊ.

आई भाजी चिरते. बाबा चहा करतात. मुलं दूध पितात. मावशी कपडे धुतात. धाकटी मुलगी डबा विसरते. आजोबा तिला हाक मारतात. ती डबा घेऊन जाते. आजोबा तिला दारापर्यंत सोडतात.

पहिल्या वाक्यात काय चिरलं? भाजी. ‘आईने भाजी चिरली.’ दुसऱ्यात आदर ‘बाबांनी’त, आणि क्रियापद चहाचं: ‘बाबांनी चहा केला.’ तिसऱ्यात ‘पिणे’ अपवाद, म्हणून ‘मुलं दूध प्यायली’, हे ‘प्यायली’ मुलांचं अनेकवचन. चौथ्यात मावशी आदरार्थी, कपडे पुल्लिंगी अनेकवचन: ‘मावशींनी कपडे धुतले.’ पाचव्यात पुन्हा अपवाद: ‘धाकटी मुलगी डबा विसरली.’ इथे ‘मुलीने डबा विसरला’ म्हणण्याचा मोह होतो, कारण तोवर कर्मणीची लय लागलेली असते. सहाव्यात ‘तिला’ आहे, पण मोकळी ‘हाक’ही आहे: ‘आजोबांनी तिला हाक मारली.’ सातव्यात शेवटचं क्रियापद ‘जाणे’: ‘ती डबा घेऊन गेली.’ आठव्यात ‘तिला’ आहे आणि मोकळं कर्म नाही: ‘आजोबांनी तिला दारापर्यंत सोडलं.’

असा उतारा स्वतः तयार करून बदलताना प्रत्येक वाक्यापुढे ते क्रियापद ज्या शब्दामुळे तसं झालं तो शब्द लिहा: भाजी, चहा, मुलं, कपडे, मुलगी, हाक, ती, कोणी नाही. हा शब्द लिहिता आला नाही तर उत्तर बरोबर असलं तरी ते अंदाजाने आलेलं असतं.

‘तू’ आणि ‘तुम्ही’ची शेपटी

सगळं कर्मावर सोपवल्यावरही ‘तू’ आपली खूण ठेवतो. क्रियापद कर्माशी जुळवून झालं की त्याला ‘स’ लागतो: तू आंबा खाल्लास, पोळी खाल्लीस, केळं खाल्लंस, आंबे खाल्लेस, पोळ्या खाल्ल्यास. म्हणजे ‘खाल्लीस’ या एका शब्दात पोळीही आहे आणि तूही. ‘तुम्ही’ला ‘त’ लागतो: तुम्ही पत्र लिहिलंत, चिठ्ठी लिहिलीत, फोन केलात. बोलताना हा ‘त’ पुष्कळदा गळतो आणि ‘तुम्ही फोन केला का?’ कोणालाही खटकत नाही. ‘तू’चा ‘स’ मात्र गाळला तर कानाला अपुरं लागतं. ‘तू चहा केला?’ पेक्षा ‘तू चहा केलास?’ हेच तोंडात बसवावं.